पिन कुणी विचारतच नाही

चि. बाळ्या,

तुझी ऑनलाइन फसवणुकीवरच्या व्हिडिओची संहिता वाचली आणि त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला. काकाची झोपच उडाली.

आत्याने जुना सोफा विकायला काढला होता. तासाभरात गिऱ्हाईक आलं. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, माणूस पाठवतो, पैसे आत्ताच घ्या.’ घासाघीस नाही, सोफा बघणंही नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड आला. ‘स्कॅन करा, ८,००० लिहा, पिन टाका, लगेच जमा होतील.’ शेवटचा आकडा टाकण्याआधी शेजारची मुलगी आत आली, म्हणून पैसे वाचले.

आता तुझी लाल पाटी बघ: ‘पिन कोणालाही सांगू नका.’ अरे, आत्याने कुठे कोणाला सांगितला? तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवर तो टाकायला घेतला होता. तुझी पाटी पाठ असूनही ती फसली असती, ही काकाची खरी भीती आहे.

यूपीआयचा पिन टाकणं म्हणजे आपल्या खात्यातून पैसे काढायला परवानगी देणं. येणाऱ्या पैशाला पिन लागत नाही, स्कॅन लागत नाही, आपला होकारही लागत नाही. पिनच्या पडद्यावर पैसे कोणाला आणि किती जाणार हे लिहिलेलं असतं. फोनवरचा माणूस बोलत राहतो तो ते वाचू न देण्यासाठीच. तेव्हा कॅमेरा ठगाच्या चेहऱ्यावरून हलव आणि त्या पडद्यावर थांबव, बघणाऱ्याचं वाचून होईपर्यंत. लाल पाटीवर लिही, ‘पैसे घेण्यासाठी पिन टाकू नका.’ हिरवीवर, ‘आधी फोन ठेवा, मग पडदा वाचा.’

दुसरा प्रसंग तर बदलच. अनोळखी माणूस स्वतःच्या खात्यावरून पैशांची विनंती पाठवतो, असं तू दाखवलंस. व्यक्तीने व्यक्तीला पाठवायची ती सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५पासून बंद केली. व्यापाऱ्यांची मात्र तेव्हा बंद केली नाही, म्हणून विनंती दुकानाच्या नावाने आलेली दाखव. त्याच प्रसंगात पुढे ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ हा फोन घे. जमा झाल्याचा मेसेज खोटा असू शकतो. पैसे आले की नाही, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहूनच कळतं. आणि १९३० हा क्रमांक शेवटच्या श्रेयनामावलीत दडपू नकोस. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तो फिरवला, तरच रक्कम अडवता येण्याची आशा असते.

रागावून लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या वयात काका आजीची बँकेची स्लिप स्वतःच भरून टाकायचा, शिकवायला वेळ नसायचा. ती शेवटपर्यंत काउंटरवर कोणाला तरी विचारत राहिली. तू शिकवायला बसलास, याचं फार बरं वाटतं.

आत्या अजून शरमलेली आहे. रविवारी तिच्याकडे जेवायला जा. सोफ्याचा विषय तिने काढला तरच काढ, पण संहिता तिला वाचून दाखव. कुठे अडतं ते तीच नेमकं सांगेल. आणि तब्येतीला जप, रात्री फार जागू नकोस.

तुझा काका