दहावीच्या मेळाव्याचे निमंत्रण

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्याचे निमंत्रण आता बहुधा व्हॉट्सॲपवरूनच जाते. त्यात एक चित्र असते आणि चित्राखाली मजकूर. मार्च 2001 मध्ये दहावी झालेल्या एका तुकडीचा मेळावा 2026 च्या दिवाळीत भरवायचा आहे, असे धरून हा संवाद रचला आहे. ताईंना अशा मेळाव्यांचा अनुभव आहे. महेशकडे मजकूर लिहिण्याचे काम पहिल्यांदाच आले आहे.

महेश : ताई, सगळी माहिती चित्रावरच छापली तर खाली पुन्हा कशाला लिहायची?

ताई : चित्रावरचा नंबर दाबून फोन लागत नाही आणि लिंकही उघडत नाही. त्या दोन्ही गोष्टी मजकुरातच हव्यात. शिवाय लांब मजकुराची सुरुवात तेवढी दिसते, बाकीचा झाकलेला असतो. म्हणून कोणती तुकडी, कोणता वार, कुठे, हे पहिल्या तीन ओळींत आले पाहिजे. शाळेच्या आठवणी त्यानंतर.

महेश : तारीख रविवार, 15 नोव्हेंबर धरली आहे. बरोबर आहे ना?

ताई : चांगली आहे. भाऊबीज त्याच आठवड्यात बुधवारी, 11 तारखेला आहे. मुली माहेरी आलेल्या असतात, पुण्या-मुंबईची मुलेही गावी असतात. ऐन सणात मात्र कोणाचा पाय घरातून निघत नाही. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी हातात आल्यावरच तारीख जाहीर करावी. तारीख एकदा चुकीची गेली की दुरुस्तीचा निरोप मागे राहतो आणि जुनाच मजकूर फिरत राहतो.

महेश : वर्गणी किती ठेवायची? कोणी 500 म्हणतो, कोणी 1,500.

ताई : आकडा खर्चावरून काढायचा. काही खर्च माणसे कितीही आली तरी होतो. मांडव, खुर्च्या आणि स्पीकरचे 10,000, गुरुजनांचा सत्कार व जेवण 6,000, फोटो आणि किरकोळ 4,000 धरले, तर झाले 20,000. जेवणाचे ताट 350 रुपयांचे. साठ जण आले तर माणशी साधारण 683 पडतात, चाळीसच आले तर 850. सगळे म्हणतात 'येतो', पण धरायचे पन्नास. त्याचे होतात 750. थोडी सोय ठेवून 800 लिहावेत. त्यात काय आले आणि कुटुंबीय धरले आहेत की नाही, हेही तिथेच लिहावे. नाहीतर त्याच प्रश्नाचे वीस फोन येतात.

महेश : आणि नोंदणी? पैसे भरले की झाली, असेच ना?

ताई : तिथेच घोटाळा होतो. समजा, वर्गातल्या एका मुलीचे पैसे तिच्या नवऱ्याच्या खात्यातून आले. खात्यावरचे नाव वर्गात कोणी ऐकलेलेच नसते. यादीत तिच्या नावापुढची जागा कोरी राहते आणि पैसे भरूनही तिलाच आठवणीचा फोन जातो. म्हणून अर्जात पहिला रकाना 'शाळेतले नाव' असा ठेवावा, आताचे नाव त्यानंतर. पैसे पाठवल्यावर मिळणारा 12 अंकी यूपीआय व्यवहार क्रमांकही अर्जात मागावा. तो खात्याशी ताडून पाहिला की रक्कम कोणाची ते कळते.

महेश : क्रम कसा ठेवू?

ताई : आधी पैसे, मग अर्ज, कारण व्यवहार क्रमांक पैसे गेल्यावरच मिळतो. ज्यांना अर्ज भरणे जमत नाही त्यांच्यासाठी दोन फोन नंबर द्यावेत, त्यांतला एक वर्गमैत्रिणीचा. मजकूर असा होईल :

*दहावी, मार्च 2001 : पंचवीस वर्षांनी पुन्हा आपल्या वर्गात!*
रविवार, 15 नोव्हेंबर 2026, सकाळी 10 ते सायंकाळी 5
स्थळ : आपल्या शाळेचे पटांगण
घंटा होईल, हजेरी घेतली जाईल, आणि आपले गुरुजन समोर असतील. तू ये, आणि बाकावर शेजारी बसणाऱ्यालाही घेऊन ये.
वर्गणी : 800 रुपये (नाश्ता, जेवण, गुरुजनांचा सत्कार, सामूहिक फोटो). मेळावा फक्त वर्गमित्र-मैत्रिणींसाठी.
नोंदणी :
1. खालील यूपीआय आयडीवर 800 रुपये पाठवा.
2. 12 अंकी व्यवहार क्रमांक लिहून ठेवा.
3. लिंक उघडून शाळेतले नाव, तुकडी आणि तो क्रमांक भरा.
4. दोन दिवसांत 'नोंद झाली' असा निरोप आला नाही, तर फोन करा.
शेवटची तारीख : 31 ऑक्टोबर
यूपीआय आयडी : ______
लिंक : ______
फोन : ______ / ______

महेश : नाश्ताही लिहिला आहे. तो 350 मध्ये बसतो?

ताई : आचाऱ्याशी बोलताना नाश्ता, जेवण आणि चहा मिळून ताटाचा भाव ठरवायचा. तसा ठरला नाही तर मजकुरातून नाश्ता काढावा.

महेश : 31 तारखेनंतर कोणी आले तर?

ताई : आचाऱ्याला आकडा दिलेला असतो, पण चार-पाच ताटे जास्त सांगावीत. पंचवीस वर्षांनी दारात आलेल्याला परत पाठवू नये. त्याची वर्गणी तिथेच घ्यावी, पावती द्यावी, आणि सगळा हिशेब आठवडाभरात ग्रुपवर टाकावा.