जॉइनिंगची तारीख लिहिण्याआधी

पुण्यात आयटी कंपन्यांसाठी भरतीचं काम करताना अर्जातल्या एका ओळीवर माझी नजर आधी जाते: नोटीस पिरियड किती आणि रुजू कधी होणार? चांगल्या उमेदवाराचं काम याच ओळीवरून बिघडताना मी पाहिलंय. नोटीस पिरियड मोठा असतो म्हणून ते बिघडतं असंही नाही. 60 किंवा 90 दिवसांची आम्हाला सवय असते. बिघडतं ते लिहिलेला आकडा पुढे टिकला नाही म्हणून.

एका टेस्टिंग इंजिनिअरची गोष्ट सांगते. त्याने 10 जूनला अर्ज केला. नोटीस 60 दिवसांची, म्हणून त्याने कॅलेंडर पाहून लिहिलं, '10 ऑगस्टला रुजू होऊ शकेन.' हिशेब सरळ वाटतो, पण नोटीस अर्जाच्या दिवसापासून मोजत नाहीत, राजीनाम्यापासून मोजतात. आणि शहाणा माणूस लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देत नाही. मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या, पगाराचं ठरलं आणि 6 जुलैला ऑफर लेटर गेलं. त्यात अर्जातलीच तारीख होती, 10 ऑगस्ट. तो खुशीत होता, दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. त्याच्या कंपनीने शेवटचा दिवस कळवला 5 सप्टेंबर. लवकर सोडायला मॅनेजर तयार नव्हता. इकडे प्रोजेक्ट ऑगस्टच्या मध्याला सुरू होणार होता. थांबायला वेळ नव्हता, जागा दुसऱ्या उमेदवाराला गेली. खरी तारीख आधी कळली असती, तर ऑफर देतानाच सप्टेंबरपर्यंतची सोय करता आली असती.

म्हणून नोकरीत असताना अर्ज करत असाल, तर पक्की तारीख लिहू नका. मुदत लिहा, आणि ती कुठून मोजायची तेही लिहा. मुलाखती लांबल्या तरी 'राजीनाम्यापासून 60 दिवस' हे खरंच राहतं.

त्याआधी आपलं नियुक्तीपत्र काढून बघा. तीन गोष्टी शोधायच्या. नोटीस किती दिवसांची? प्रोबेशन संपल्यावर ती अनेकदा वाढते, त्यामुळे जुन्या आठवणीवर जाऊ नका. दुसरं, पैसे भरून मुदत कमी करता येते का, म्हणजे बायआउट आहे का, आणि त्याला कंपनीची मंजुरी लागते का? पुष्कळ पत्रांत हा निर्णय कंपनीच्या मर्जीवर सोडलेला असतो. भरायची रक्कम बेसिकवर धरायची की पूर्ण पगारावर, हेही तिथेच कळतं. तिसरं, शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होते का?

हे न बघता 'नोटीस निगोशिएबल' असं लिहिलं की वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ लावतो. तुमच्या मनात पाचेक दिवस असतात, तो महिना धरून चालतो. त्यापेक्षा असं लिहा:

'माझा नोटीस पिरियड राजीनाम्याच्या तारखेपासून 60 दिवसांचा आहे. नियुक्तीपत्रात बायआउटची तरतूद आहे. सध्याच्या कंपनीने मंजुरी दिल्यास राजीनाम्यापासून 30 दिवसांत रुजू होऊ शकेन. लेखी ऑफर मिळताच मंजुरीसाठी विचारणा करीन.'

यात मोठी मुदत लपवलेली नाही, आणि तिच्याबद्दल माफीही मागितलेली नाही. उलट हा माणूस ठरलेलं पाळणारा आहे, हे आम्हाला दिसतं. हा मजकूर अर्जाच्या शेवटी ठेवा. आधी तुमचं काम वाचू द्या. बायआउटचे पैसे नवी कंपनी देईल का, हा प्रश्न अर्जात नको, पगाराच्या बोलणीत विचारा.

राजीनामा आधीच दिला असेल, तर मात्र तारीखच लिहा: 'राजीनामा मंजूर झाला आहे, शेवटचा दिवस 31 जुलै, 3 ऑगस्टपासून रुजू होऊ शकतो.' मंजुरीची ईमेल जपून ठेवा, ती मागितली जाते.

ऑनलाइन फॉर्ममध्ये '15 दिवस किंवा कमी' निवडून चाळणीतून पुढे जायचा मोह होतो. पहिल्याच फोनवर मी तोच प्रश्न विचारते. उत्तर वेगळं आलं की बाकीच्या माहितीवरही शंका येते. काही जागांना खरोखरच पंधरा दिवसांत माणूस हवा असतो. तिथे 90 दिवसांची नोटीस कशीही लिहिली तरी चालत नाही. तो नकार अर्जावरच मिळालेला बरा, कारण तेव्हा तुमची हातची नोकरी शाबूत असते.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी त्यातली जॉइनिंगची तारीख तपासा. 'आज राजीनामा दिला तर माझा शेवटचा दिवस कोणता?' हे मोजा. जमत नसेल, तर त्याच दिवशी ईमेलने तारीख बदलून घ्या, आणि बदललेलं पत्र हातात आल्यावरच राजीनामा द्या.