चौकटीच्या रेघेत लपलेला आकडा

मैत्रिणींनो, २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे हाताने भरलेले अर्ज वाचून अंगणवाडी ताईंनी मोबाइलवर भरले, ते आठवतंय ना? आपल्या गटाचे कर्ज अर्जही असेच वाचून नोंदवले जातात. छापील चौकटीची रेघ आणि पेनाची शाई एकमेकींत मिसळली, की वाचताना आकडा बदलतो.

समजा, मोबाइल नंबरच्या पहिल्या चौकटीत इंग्रजी एक दिसतोय. पण आपल्याकडचा मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो. मग चौकटीची वरची रेघ नीट बघा. छापील रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते. तेवढ्याच चौकटीवर ती जाड किंवा निळसर दिसली, तर तो सात आहे. त्याची आडवी दांडी रेघेवर बसलीय.

कधी मधलीच एखादी चौकट रिकामी दिसते. इंग्रजी एक उभ्या रेघेवर लिहिला, की तो रेघेतच जिरतो. दहाऐवजी नऊच आकडे भरले, तर त्या चौकटीच्या दोन्ही उभ्या रेघा तपासा. कागद उलटा करून बोट फिरवलं, तर बॉलपेनचा दाब बऱ्याचदा हाताला लागतो.

खाते क्रमांकाला मात्र पहिल्या आकड्याचा असा नियम नाही. तिथं अंदाज नकोच, पासबुक समोर ठेवून एकेक आकडा जुळवा. चुकलेला आकडा गिरवू नका. त्यावर एक रेघ मारून वर स्वच्छ लिहा आणि शेजारी अर्जदार ताईंची सही घ्या.