वार्षिकांकाचा प्रस्ताव : एका ई-मेलची जडणघडण

वसतिगृहातून बाहेर पडल्यावर आम्ही दोघांनी चिखलीत अक्षरजुळणीचे छोटेसे काम सुरू केले, त्यास आता बरीच वर्षे झाली. लग्नपत्रिका, निविदा-जाहिराती, शाळांचे अहवाल असे जे मिळेल ते करीत आलो. मात्र या व्यवसायात मन रमते ते महाविद्यालयांच्या वार्षिकांकात. हे काम मागावयाचे कसे, असे आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आम्हांस विचारतात. आमची पहिली काही पत्रे निरुत्तरित राहिली होती. ज्या ई-मेलने काम मिळाले, तो येथे जसाच्या तसा देऊन त्यातील एकेक वाक्य कशासाठी आले, हे सांगण्याचा आमचा मानस आहे.

आमचे पहिले पत्र आज वाचताना संकोच वाटतो. ‘आदरणीय महोदय, आम्ही सर्व प्रकारची डिझाइनची कामे माफक दरात करतो,’ अशी त्याची सुरुवात होती. एकाच वेळी अकरा महाविद्यालयांना ते धाडले होते आणि अकराही पत्ते प्रत्येकाला दिसत होते. सोबत तीस एमबीची नमुन्यांची फाइल जोडलेली. ती बहुतेक ठिकाणी पोहोचलीही नसेल, कारण जीमेलवरून पंचवीस एमबीपेक्षा मोठे जोडपत्र जात नाही. हे पत्र कोणासाठी लिहिले आहे, याचा पत्ता वाचणाऱ्याला लागत नव्हता. उत्तर न येण्यात नवल काहीच नव्हते.

मराठी विभागप्रमुखांना वार्षिकांकाचे काम परस्पर देता येत नाही, हे आम्हांस उशिरा कळले. अंकाची संपादन समिती असते, प्राचार्यांची मान्यता लागते आणि खर्चासाठी सहसा तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता केला जातो. म्हणजे आपला ई-मेल विभागप्रमुख एकटे वाचीत नाहीत. ते तो छापून समितीपुढे ठेवतात. तेथे त्यातील आकडा इतर दोन आकड्यांशेजारी बसतो. म्हणून पत्र एका पानात मावले पाहिजे आणि आकडा कशाचा आहे, हे त्या कागदावरूनच समजले पाहिजे. ‘दर चर्चेने ठरवू’ हे वाक्य तक्त्याच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

वेळेचेही तसेच. जानेवारीत पत्र गेले, तर अंक आधीच कोणाच्या तरी हाती सोपविलेला असतो. प्रवेशाची धांदल संपलेली आणि हिवाळी परीक्षा सुरू व्हावयाच्या, असा सप्टेंबरचा काळ आम्हांस सर्वांत अनुकूल ठरला. पुढील पत्र सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याच परिसरातील एका महाविद्यालयाला गेले.

विषय : मराठी विभागाच्या वार्षिकांकाची मांडणी व मुद्रितशोधन – ९६ पृष्ठे – प्रस्ताव

मा. विभागप्रमुख, मराठी विभाग यांस,
सविनय नमस्कार.
आपल्या विभागाचा गतवर्षीचा अंक आम्ही वाचला. त्यातील ग्रामीण म्हणींचे संकलन विशेष आवडले. यंदाच्या अंकाची मांडणी व मुद्रितशोधन करण्याची आमची इच्छा आहे. लेखन विद्यार्थ्यांचेच राहील. ते लिहून देण्याचे काम आम्ही करीत नाही. मात्र लेख मागविण्यापूर्वी विद्यार्थ्यांसाठी अर्ध्या दिवसाचे लेखन-संपादन शिबिर विनामूल्य घेऊ. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या कवितेवर विद्यार्थ्यांनीच लिहिलेला आठ पृष्ठांचा विभाग करता येईल, असे सुचवावेसे वाटते.
मांडणी ९६ पृष्ठे, प्रतिपृष्ठ १०० रुपये : ९,६०० रुपये. मुद्रितशोधन, प्रतिपृष्ठ २५ रुपये : २,४०० रुपये. मुखपृष्ठ : १,५०० रुपये. एकूण १३,५०० रुपये. आमची जीएसटी नोंदणी नसल्याने कर आकारला जाणार नाही. कागद, छपाई व बांधणी यांचा यात समावेश नाही.
लेख १५ डिसेंबरपर्यंत मिळाल्यास पहिले मुद्रित १० जानेवारीस, दुसरे ३१ जानेवारीस व छपाईयोग्य फाइल १० फेब्रुवारीस देऊ. प्रत्येक लेखाचे पहिले मुद्रित स्वतः लेखकाने वाचून त्यावर सही करावी, अशी विनंती आहे.
आपल्याच अंकातील दोन पृष्ठे नव्याने मांडून सोबत जोडली आहेत. आपण बोलवाल त्या दिवशी भेटीस येऊ.
आपले नम्र,

या पत्रातील पहिला महत्त्वाचा शब्द ‘मुद्रितशोधन’ हा आहे, ‘डिझाइन’ हा नव्हे. मराठी विभागाला रंगीत पानांपेक्षा ऱ्हस्व-दीर्घाची काळजी अधिक असते, आणि स्पर्धेतील इतर दोन दरपत्रकांत या कामाचा उल्लेखही बहुधा नसतो.

लेखन करून देण्यास आम्ही स्पष्ट नकार दिला, यावर आमच्या एका मित्राने आम्हांस वेड्यात काढले. त्याचे म्हणणे असे की, लेख अपुरे पडले म्हणजे समितीच असे काम मागते आणि त्याचा मोबदलाही चांगला मिळतो. ते खरे आहे. आम्हांसही तशी विचारणा झाली होती. पण विद्यार्थ्याच्या नावाने दुसऱ्याने लिहिलेला लेख छापला, तर तो अंक कोणाचा? औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाची स्थापना १९५० साली झाली आणि तेथील वार्षिकांकात कितीतरी दलित विद्यार्थ्यांचे लेखन प्रथमच छापून आले. ती पाने भाडोत्री लेखकांनी भरली असती, तर मराठी साहित्य एका मोठ्या प्रवाहाच्या उगमास मुकले असते. म्हणून लेखांची उणीव भासल्यास ती शिबिराने भरून काढावी, हा मार्ग आम्ही धरला. ना. घ. देशपांड्यांचे नाव सुचविण्यामागेही हाच विचार होता. त्यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहाला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण त्यांना पाहिलेली, ऐकलेली माणसे मेहकरात आजही भेटतील. विद्यार्थ्याला इंटरनेटवरून उतरवून घेता येणार नाही, असा तो विषय आहे.

पृष्ठसंख्या ९६ च का? ऑफसेट छपाईत पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापले जाते. ९६ पाने म्हणजे बरोबर सहा फर्मे. शंभर पाने सांगितली असती, तर वरच्या चार पानांसाठी वेगळा तुकडा छापून बांधावा लागला असता आणि त्याचा खर्च त्या चार पानांच्या मानाने भलताच वाढला असता. आमचा हिशेब असा होता : सरासरी सातशे शब्दांचा लेख दोन पाने घेतो, चाळीस लेखांची ऐंशी पाने झाली. प्राचार्यांचे मनोगत, अहवाल, छायाचित्रे आणि अनुक्रमणिका यांना सोळा. हा हिशेब आम्ही भेटीच्या वेळी पाटीवर मांडून दाखविला, तेव्हा छपाईचे दरपत्रक मागविणेही समितीला सोपे गेले.

कराच्या वाक्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. सेवा पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर जीएसटीची नोंदणी सामान्यतः बंधनकारक नसते. आणि नोंदणी नसलेल्याने बिलात कर लावणे हा गुन्हाच आहे. हे आधीच लिहिले नाही, तर लेखाविभाग बिल अडवून विचारणा करतो. प्रकाशन २७ फेब्रुवारीस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, धरले होते. तो दिवस शोभून दिसतो हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ३१ मार्चपूर्वी बिल मंजूर होण्यास महिना हाती राहतो. मार्च उलटला की पैसे पुढच्या वर्षाच्या तरतुदीची वाट पाहू लागतात.

लेखकाने सही करण्याची अट मात्र आमच्या एका चुकीतून जन्माला आली, आणि ती चूक सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. त्यापूर्वी एका अंकाचे काम आमच्याकडे आले होते. लेख निरनिराळ्या ठिकाणी टंकलिखित झालेले. काही युनिकोडमध्ये, काही कृतीदेवमध्ये, काही श्रीलिपीमध्ये. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलताना मराठीचा एक वर्ण हमखास मार खातो. ‘ऱ्या’ मधला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र जाऊन त्या जागी रफार येतो. हिंदीला या वर्णाची गरज पडत नाही, म्हणून अनेक परिवर्तकांना तो ठाऊकच नसतो. एका विद्यार्थिनीने लोणारच्या सरोवरावर लेख लिहिला होता. तिने लिहिलेल्या ‘दऱ्या’ छापील अंकात ‘दर्या’ झाल्या. खोल उतारांचे वर्णन करणाऱ्या त्या मुलीच्या लेखात ठिकठिकाणी समुद्र अवतरला. संगणकाची शुद्धलेखन-तपासणी गप्प राहिली, कारण ‘दर्या’ हाही शब्द शुद्धच आहे. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. तिच्या घरातील कोणाचे नाव छापून येण्याची ती पहिलीच वेळ होती, हे आम्हांस नंतर समजले. आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने प्रत समोर ठेवली. प्रत्येक ‘दर्या’ तिने निळ्या शाईने दुरुस्त केलेला होता.

तेव्हापासून परिवर्तित मजकुरात आम्ही प्रथम ‘र्य’ आणि ‘र्ह’ ही जोडाक्षरे शोधतो आणि एकेक जागा मूळ कागदाशी ताडून पाहतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद संगणक सांगणार नाही. एक गुरुजन आणि दुसरे स्वयंपाकी. ‘सूर्य’, ‘कार्य’ येथे रफारच हवा, म्हणून सगळे एकदम बदलणेही चालत नाही. ९६ पानांसाठी या कामाला आम्हांस साधारण एक दिवस लागतो. प्रतिपृष्ठ पंचवीस रुपयांत तो दिवस धरलेला आहे. तरीही आपला शब्द चुकला आहे, हे लिहिणाऱ्याइतके कोणाला दिसत नाही; म्हणून सही.

जोडलेल्या दोन पानांविषयीही सावध राहावे. त्यांच्याच अंकातील पान नव्याने मांडून दाखविणे हा सर्वांत बोलका नमुना असतो; परंतु जुन्या पानातील उणिवांवर एक शब्दही लिहू नये. तो अंक ज्या प्राध्यापकांनी रात्री जागून काढला, बहुधा तेच हा ई-मेल वाचीत असतात. आम्ही दोन पानांची एक पीडीएफ जोडली. ती एक एमबीसुद्धा नव्हती.

उत्तर नवव्या दिवशी आले. त्यात दराविषयी काहीच नव्हते. ‘लेखकाची सही हा काय प्रकार आहे?’ एवढेच विचारले होते. आम्ही निळ्या शाईची हकीकत, नाव न घेता, चार ओळींत कळविली. दसऱ्यानंतर भेटीचे बोलावणे आले. तोंडी होकार त्याच दिवशी मिळाला, तरी प्राचार्यांच्या सहीचा कार्यादेश हाती येईपर्यंत आम्ही एकही पान मांडावयास घेतले नाही. त्या कार्यादेशात पृष्ठसंख्या, एकूण रक्कम, मुद्रिताच्या दोन फेऱ्या आणि तिसऱ्या फेरीपासून लागणारा वेगळा दर एवढ्या गोष्टी लिहून घेतल्या होत्या. शिबिराला बावीस मुले येतील अशी अपेक्षा होती, एकेचाळीस आली, आणि खुर्च्या शेजारच्या वर्गातून आणाव्या लागल्या.