मराठीत बोला, इंग्रजीत लिहा: परदेशातल्या प्रेक्षकासाठी सबटायटल

प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सर, व्हिडिओ मराठीत करू की इंग्रजीत?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्या भाषेत तुम्ही न अडखळता माल समजावता, त्या भाषेत बोला. दुसरी भाषा सबटायटलमध्ये द्या. पण सबटायटल म्हणजे नुसतं शब्दाला शब्द भाषांतर नाही. ते कसं, हे गोडा मसाल्याच्या व्हिडिओवरून बघू.

माझ्या दुकानासाठी मी पहिल्यांदा असा व्हिडिओ केला, तेव्हा 'गोडा मसाला' चं इंग्रजी 'स्वीट मसाला' केलं आणि तीळ 'टिल' असेच ठेवले. परदेशातून एका ताईंचा मेसेज आला: "दादा, यात साखर किती? आणि टिल म्हणजे काय? मुलाला तिळाची अ‍ॅलर्जी आहे." मी हादरलोच. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा मुख्य अ‍ॅलर्जीच्या पदार्थांत धरला जातो, ब्रिटनमध्येही तो यादीत आहे. म्हणजे हा एक शब्द चुकला तर प्रश्न विक्रीचा राहत नाही, मुलाच्या तब्येतीचा होतो.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. मसाल्याचं नाव `goda masala` असंच ठेवतो, पण घटक त्यांना कळेल अशा नावाने लिहितो. मापं बदलतो. माझी वाटी 150 मिलीची आहे, म्हणून अर्धी वाटी म्हणजे 15 मिलीचे 5 टेबलस्पून. आणि हिंगाचं पाकीट वाचतो, कारण बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. असेल तर तेही लिहितो.

आता फाइल. व्हिडिओत मी म्हणतो, "अर्धी वाटी तीळ मंद आचेवर कोरडेच भाजा, तडतडायला लागेपर्यंत." सबटायटल असं:

```
1
00:00:42,000 --> 00:00:47,000
Dry-roast 5 tablespoons sesame seeds
on low heat until they start to pop.
```

पहिली ओळ म्हणजे क्रमांक, दुसरी सुरुवातीची आणि शेवटची वेळ, खाली मजकूर. सेकंदानंतर टिंब नाही, स्वल्पविराम. दोन तुकड्यांमध्ये एक रिकामी ओळ. एका ओळीत 42 अक्षरांच्या वर जाऊ नका आणि एका वेळी दोनच ओळी ठेवा. इथे पाच सेकंदांत साधारण 70 अक्षरं आहेत, आरामात वाचून होतात. तीन सेकंदांत एवढंच दिलं तर माणूस वाचत बसेल आणि कढईत काय चाललंय ते बघणारच नाही. मजकूर मावत नसेल तर वाक्य छोटं करा.

नोटपॅडमध्ये फाइल `goda_en.srt` नावाने, एन्कोडिंग `UTF-8` ठेवून सेव्ह करा. यूट्यूब स्टुडिओत सबटायटलच्या विभागात जाऊन व्हिडिओ निवडा, इंग्रजी भाषा जोडा, मग `Upload file` आणि `With timing`. तिथेच शीर्षक आणि वर्णनही इंग्रजीत भरा, नाहीतर इंग्रजीत शोधणाऱ्याला तुमचा व्हिडिओ सापडणं अवघड. इंग्रजी ओळी व्हिडिओवरच चिकटवू नका. वेगळी फाइल असली की चूक सापडल्यावर फक्त फाइल बदलता येते. चिकटवलेली चूक काढायला अख्खा व्हिडिओ पुन्हा टाकावा लागतो.

मग डबिंग कधी? जेव्हा बघणाऱ्याचे हात पिठात आहेत आणि स्क्रीनकडे बघायला वेळ नाही, तेव्हा. पण मराठीत चार सेकंदांत होणारं वाक्य इंग्रजीत सहा घेऊ शकतं. घाईने बोलू नका, वाक्य कापा. आणि एडिट करताना आवाज आणि म्युझिक वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा. दोन्ही एकत्र झाले की मराठी आवाज काढून तिथे इंग्रजी बसवणं अवघड होतं. वेगळा ऑडिओ ट्रॅक जोडायची सोय तुमच्या चॅनेलला दिसत नसेल, तर डब केलेला व्हिडिओ स्वतंत्र टाका.

प्रसिद्ध करण्याआधी एक चाचणी: मराठी न येणाऱ्या एखाद्या माणसाला आवाज बंद करून व्हिडिओ दाखवा आणि विचारा, "यात काय काय घातलं, किती घातलं?" त्याने तीळ आणि हिंग बरोबर सांगितले, की मगच फाइल पास.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या जुन्या व्हिडिओतला एकच मिनिट घ्या, त्याची `.srt` बनवा आणि ही चाचणी करून बघा. कुठे अडलं ते कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत घेऊ.