गिरणीच्या दगडांचं दुखणं

अरे पुतण्या, आता गिरणी तुझ्या हातात आली आहे, म्हणून दगडांचं सांगतो. बाई येऊन म्हणाली, "काका, परवाच्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते," की लगेच तिच्या धान्याला नावं ठेवू नकोस. पीठ पडतं त्या तोंडाशी हात धर. दळण कोमट लागतंच, पण हात धरवेनासा झाला आणि करपल्यासारखा वास आला, तर दगड कापत नाहीत, नुसते घासताहेत. अशा वेळी माणूस चाक आणखी आवळतो. त्याने पीठ बारीक दिसतं, पण जास्तच भाजतं आणि मोटारही ओढायला लागते. आपल्या १० अश्वशक्तीच्या तीन फेज मोटारीला पूर्ण भाराला साधारण १४ अँपिअर लागतात. नेहमीच्याच दादरला काटा त्याच्या वर जाऊन थांबला, तर पट्टा उतरवायची वेळ झाली.

उघडायच्या आधी मेन स्विच बंद कर आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेव. दुसऱ्याच्या भरवशावर दगडाजवळ हात घालू नकोस.

उघडल्यावर आधी एवढंच ओळख, की दगड झिजलाय की लिंपलाय. पावसाळ्यात ओलसर मका आला, किंवा कुणी नीट न वाळवलेलं धान्य आणलं, की खाचांत पीठ थापलं जातं आणि वरून चकचकीत पापडी धरते. हात फिरवला तर दगड गुळगुळीतच लागतो, पण त्याची धार गेलेली नसते. लाकडी पाचरीने खाचा उकर, तारेच्या ब्रशने घास, मग किलो-दोन किलो कोरडी, जाडसर कणी घालून दळ. पीठ थंड यायला लागलं तर टाकीची गरज नव्हती. ओल्या फडक्याने मात्र पुसू नकोस, पाणी तर ओतूच नकोस. कुरुंदाचे बहुतेक दगड खनिजाच्या मसाल्यात बांधलेले असतात आणि ओल लागली की तो मसाला कमजोर होतो.

जुनं पीठ दगडावर राहतं त्याहून जास्त झाकणाच्या कोपऱ्यांत आणि पिठाच्या कापडी बाहीत राहतं. तिथे जाळी धरते, अळ्या होतात. बाजरी दळली असेल तर जास्तच जप. तिच्यात तेल असतं, पीठ लवकर कडवट होतं, आणि कोपऱ्यातलं ते कडू पीठ पुढच्या गिऱ्हाइकाच्या कळण्यात उतरतं. बाही उलटी करून झटक, उन्हात टाक. आपला जिल्हा मिरचीचा, पथाऱ्या लाल झाल्या की कुणीतरी विचारणारच, "थोडी मिरची काढून देता का?" या दगडांवर नाही. तिखट खाचेत बसतं ते लवकर निघत नाही. मिरचीला वेगळंच मशीन हवं.

साफ करूनही दळण गरम येत असेल, तर झीज झालीच. दादरचा दाणा मधल्या भोकाजवळच्या खाचेत ठेव. निम्म्याहून जास्त बुडत नसेल तर टाकी लाव. काठाकडे खाच उथळच असते, तिथे दाणा ठेवून पाहू नकोस. टाकी लावण्याआधी सरळ लाकडी पट्टीला गेरू लावून दगडावर फिरव. लाल उमटेल तो उंचवटा, तेवढाच आधी उतरव. भोकाकडचा भाग जरा खोल आणि काठाकडची पट्टी सपाट हवी, कारण बारीक दळण काठाला होतं. चष्मा लाव, नाकाला फडकं बांध. टाकी लावल्यावर पहिलं दोन-तीन किलो दळण फेकून दे, त्यात खडे असतात. ते गुरांनाही घालू नकोस.

दगड बदलायचा केव्हा, ते टाकीच सांगते. पूर्वी एका टाकीवर जेवढं दळण निघायचं, त्याच्या निम्म्यातच पुन्हा गरम यायला लागलं, किंवा खाच पाडायला खाली मसाला उरला नाही, तर जोडी बदल. लाकडी मुठीने हलकं ठोकून बघ. चांगला दगड खणकन वाजतो, चीर गेलेला बसक्या आवाजात बोलतो. चिरलेला दगड एक दिवससुद्धा फिरवू नकोस, वेगात तो फुटतो. आणि नवा एक, जुना एक अशी जोडी लावू नकोस. जुन्याची वाकडी झीज नव्याच्या अंगी लागते.

एक गोष्ट मात्र नवी जोडी विकत घेण्याआधी बघ. झीज एकाच बाजूला असेल, तर दोष दगडाचा नसतोही. शाफ्टला हाताने वर-खाली हलव. खुळखुळला तर बेअरिंग गेलंय. ते बदलल्याशिवाय नवे दगड बसवलेस, तर तेही तसेच एका अंगाने खाल्ले जातील.