आधी प्रश्न सांगा, मग उत्तर

एखाद्या प्रेक्षकाच्या कमेंटला रील किंवा शॉर्टमधून उत्तर द्यायचं म्हटलं, की कमेंटची पट्टी पडद्यावर चिकटवली म्हणजे प्रश्न सांगून झाला असं आपण धरून चालतो. इथेच फसगत होते, हे माझं अनुभवाचं मत आहे. कमेंट लिहिणाऱ्याने आपला जुना व्हिडिओ पाहिलेला असतो, म्हणून तो मोघम लिहितो. समजा, चकलीच्या व्हिडिओखाली कुणी लिहिलं, ‘ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं, तरी तेलात विरघळल्या. काय चुकलं?’ यात चकलीचं नावसुद्धा नाही. आपण लगेच ‘मोहन जास्त झालं असणार’ म्हणून सुरुवात केली, तर नव्या माणसाला कशात मोहन, कशाचं काय, काहीच कळत नाही. पट्टीवरची अक्षरं बारीक असतात, आणि कितीतरी जणी हातातलं काम करताना नुसतं ऐकत असतात. अशा व्हिडिओखाली ‘कशाबद्दल बोलताय?’ अशा कमेंटी येऊ लागल्या, की प्रश्न पोहोचला नाही हे ओळखावं.

म्हणून पहिलंच वाक्य असं लिहावं: ‘भाजणीची चकली तेलात सोडली की सुटून पसरते, मोहन तर मोजून घातलं होतं, असं एका ताईंनी विचारलंय.’ पदार्थ, काय केलं, काय बिघडलं, सगळं त्यात आलं. मग उत्तर: कारणं बहुधा दोन, मोहन जास्त किंवा तेल कमी तापलेलं. पिठाची छोटी गोळी तेलात टाकून बघा. ती तळाशीच बसून राहिली तर तेल अजून तापवा. चांगल्या तापलेल्या तेलातही ती फुटली तर मोहन जास्त झालंय. पिठात थोडी कोरडी भाजणी मळून घ्या. हे उत्तर आता जुना व्हिडिओ न पाहिलेल्यालाही पुरतं.

यावर कुणी म्हणेल, पहिल्या काही सेकंदांतच लोक पुढे सरकतात, तिथे प्रश्न उगाळत कशाला बसायचं? पण ते वाक्य बोलायला सात-आठ सेकंद लागतात, आणि जिची चकली काल पसरली ती नेमकी तेच ऐकून थांबते. वेळ खातात ते ‘नमस्कार मंडळी’ आणि ‘खूप जणांनी विचारलं’. ते खुशाल कापा. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: आपल्या शब्दांत मांडताना प्रश्न बदलतो. वरच्याच वाक्यात ‘मोहन मोजून घातलं’ हे आलंय कुठून? कमेंटमध्ये ते नाही. ‘तुम्ही सांगितलं तसंच’ यावरून आपण काढलेला तो अर्थ आहे. तेव्हा मूळ कमेंट पडद्यावर जशीच्या तशी ठेवावी आणि ‘मोजून घातलं असं मी धरते’ एवढं तोंडाने म्हणावं. धरायलाही काही आधार नसेल, पीठ भाजणीचं की तांदळाचं हेच कळत नसेल, तर कॅमेरा लावण्याआधी त्या ताईंना कमेंटमध्येच विचारून घ्यावं.